लाइक काढलं, पण समोरच्याला कळलं का?

चुकून दिलेलं लाइक काढता येतं का, याचं उत्तर जवळपास सगळीकडे ‘हो’ असंच आहे. खरी धाकधूक दुसऱ्याच प्रश्नाची असते. ज्याच्या फोटोला किंवा मजकुराला ते गेलं, त्याला तोवर कळलं असेल का? या प्रश्नाला मित्रमंडळींकडून ठाम उत्तरं मिळतात, पण ती एकमेकांशी जुळत नाहीत. कुणी सांगतं, लगेच काढलं तर कळत नाही. कुणी म्हणतं, एकदा गेलं की गेलं. दोघांनी आपापल्या अनुभवातलं खरं तेच सांगितलेलं असतं, कारण प्रत्येक अ‍ॅपची लाइक पोचवायची पद्धत वेगळी आहे. ती पद्धत समजली तर आपल्या बाबतीत काय झालं असेल, याचा अंदाज बराच नेमका बांधता येतो.

तीन जागी उमटणारी खूण

लाइकची खूण एका जागी उमटत नाही. पहिली जागा म्हणजे ती पोस्ट. तिच्याखालचा आकडा एकने वाढतो आणि नावांच्या यादीत आपलं नाव येतं. दुसरी जागा अ‍ॅपमधली घंटी. तिथे लेखकाला ‘अमुकने तुमचा फोटो लाइक केला’ अशी ओळ दिसते. तिसरी जागा लेखकाच्या फोनचा पडदा. अ‍ॅप बंद असलं, फोन खिशात असला तरी वरून उतरणारी पट्टी तिथे येते. काही अ‍ॅप्स त्याच मजकुराचा ईमेलही धाडतात.

आपण लाइक काढतो तेव्हा पहिल्या जागेची खूण नक्की जाते. दुसऱ्या जागेची बहुतेक वेळा जाते. तिसऱ्या जागेचा भरवसा देता येत नाही, आणि ईमेल गेला असेल तर तो परत येत नाही. ‘काढलं’ आणि ‘कळलं नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या यामुळेच. आपल्याला आपल्या पडद्यावर फक्त पहिली जागा दिसते. ती स्वच्छ झाली की सगळंच पुसलं गेलं असं वाटतं.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम: नोंद कंपनीकडे

फेसबुकचं लाइक बटण फेब्रुवारी २००९ मध्ये आलं आणि बदाम, हसू, राग वगैरे प्रतिक्रिया फेब्रुवारी २०१६ मध्ये. या दोन्ही अ‍ॅप्समध्ये लाइक म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरची एक नोंद असते. लेखकाच्या फोनवर त्या नोंदीची कायमची प्रत ठेवलेली नसते. तो अ‍ॅप उघडतो तेव्हा आकडा आणि घंटीतली यादी सर्व्हरवरून ताजी मागवली जाते. आपण नोंद काढली, की पुढच्या वेळी मागवलेल्या यादीत आपण नसतो. ‘सुनीता आणि इतर १२ जणांनी लाइक केलं’ अशी एकत्र केलेली ओळ असेल, तर ती फक्त एका माणसाने कमी होते, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

अडचण पडद्यावरच्या पट्टीची असते. ती अ‍ॅपच्या आतली वस्तू नाही. कंपनीचा सर्व्हर गूगलच्या किंवा अ‍ॅपलच्या सूचनासेवेला निरोप देतो, ती सेवा तो फोनवर पोचवते, आणि पट्टी पडद्यावर येते. लाइक काढल्यावर ती पट्टी हटवायची तर कंपनीने दुसरा निरोप पाठवायला हवा, फोनने तो घ्यायला हवा आणि अ‍ॅपने आपलीच पट्टी मागे घ्यायला हवी. अँड्रॉइडवर हे तुलनेने सहज होतं. आयफोनवर मागे राहिलेल्या अ‍ॅपला जागं करणाऱ्या अशा मूक निरोपांवर अ‍ॅपलची मर्यादा असते. बॅटरी वाचवायला फोन ते लांबवू किंवा टाळू शकतो. त्यामुळे पोस्टवरून लाइक गेलेलं आणि लॉक स्क्रीनवर मात्र पट्टी बसलेली, हे चित्र अगदी शक्य आहे. लेखकाने तिच्यावर बोट ठेवलं की फोटो उघडतो, पण यादीत नाव सापडत नाही. ‘लाइक करून काढलं वाटतं’ हे त्याला तिथे उमगतं.

लेखकाचा फोन त्या वेळी बंद असेल तर? गूगलची सेवा न पोचलेला निरोप सहसा चार आठवड्यांपर्यंत जपून ठेवते. नवा निरोप आला की त्याच विषयाचा जुना टाकून द्यावा, अशी सोयही त्या सेवेत आहे. ती वापरायची की नाही हे अ‍ॅप बनवणारे ठरवतात. म्हणून फोन बंद असणं आपल्या बाजूचं असलं तरी हमी म्हणता येत नाही.

इन्स्टाग्रामची खास अडचण म्हणजे फोटोवर दोनदा टिचकी मारली की बदाम जातो. फोटो मोठा करून बघायला गेलेलं बोट नको ते करून बसतं, आणि फोटो कधीकधी चार वर्षांपूर्वीचा असतो. नव्या फोटोवरचं लाइक गर्दीत मिसळतं. जुन्या फोटोवर त्या दिवशी आलेलं ते एकटंच असल्यामुळे ‘इतक्या मागे जाऊन बघत होता’ हेही त्यातून कळतं. दिलासा एवढाच, की लाइकच्या सूचना कुणाकडून घ्यायच्या हे लेखकाला सेटिंगमध्ये ठरवता येतं: सगळ्यांकडून, फक्त तो ज्यांना फॉलो करतो त्यांच्याकडून, किंवा कुणाकडूनच नाही. तो आपल्याला फॉलो करत नसेल आणि त्याने मधला पर्याय घेतला असेल, तर पट्टी मुळात आलेलीच नसते.

काढण्याची कृती सोपी आहे. भरलेल्या बदामावर किंवा निळ्या अंगठ्यावर पुन्हा एकदा बोट ठेवायचं. पोस्ट हातातून निसटली असेल तर इन्स्टाग्राममध्ये `Your activity` मधल्या `Likes` या यादीत, आणि फेसबुकमध्ये `Activity log` मध्ये ती सापडते. घाबरून विमान-मोड चालू करणारे बरेच असतात. त्याचा उपयोग तर नाहीच, उलट तोटा होतो. लाइक क्षणार्धात निघून गेलेलं असतं, आणि नेट बंद केल्यामुळे अडून राहतं ते नंतरचं काढणं.

व्हॉट्सअ‍ॅप: मागोमाग धावणारं दुसरं पत्र

मराठी घरांमध्ये हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा पडतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि तिथलं गणित पूर्ण वेगळं आहे. मेसेजवरच्या प्रतिक्रिया तिथे मे २०२२ मध्ये आल्या. सुरुवातीला अंगठा, बदाम, हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा, आश्चर्य, रडणं आणि जोडलेले हात अशा सहाच होत्या. दोन महिन्यांनी कुठलाही इमोजी लावायची मुभा मिळाली.

व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज आणि प्रतिक्रिया कुलूपबंद जातात. सर्व्हरला आतला मजकूर वाचता येत नाही, आणि मेसेज पोचल्यावर त्याची प्रत प्रत्येकाच्या फोनमध्ये राहते. म्हणजे कंपनीकडे अशी एकच नोंद नाही की जी पुसली आणि सगळीकडून गेली. आपण प्रतिक्रिया काढतो तेव्हा प्रत्यक्षात ‘त्या मेसेजवरची माझी प्रतिक्रिया आता रिकामी समजा’ असा एक नवा छोटा निरोप ग्रुपमधल्या प्रत्येक फोनकडे निघतो. पोस्टात पडलेलं पत्र परत मागता येत नाही, म्हणून ‘आधीचं पत्र धरू नका’ असं दुसरं पत्र टाकावं, तसा हा प्रकार. दुसरं पत्र पोचेपर्यंत पहिलं वाचलं गेलं तर इलाज नसतो.

एक प्रसंग तपशिलात पाहू. ठाण्यातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सव्वादहाला सेक्रेटरी लिहितात, की बी विंगमधल्या आजोबांचं पहाटे निधन झालं, अंत्यदर्शन दुपारी एकला आहे. ग्रुपवर सत्तर माणसं आहेत. तिसऱ्या मजल्यावरची वहिनी लोकलमध्ये उभ्यानेच मजकूर वाचते. बोट दाबलं जातं, इमोजींची ओळ उघडते, गाडी हलते, आणि जोडलेल्या हातांऐवजी हसून लोटपोट झालेला चेहरा लागतो. आठ-दहा सेकंदांत तिच्या लक्षात येतं आणि ती तो काढते. आता कुणाला काय दिसलं असेल?

पट्टी येण्याची शक्यता आहे ती फक्त सेक्रेटरींना, कारण प्रतिक्रियेची सूचना ज्याचा मेसेज आहे त्याला जाते. बाकीच्यांचे फोन वाजत नाहीत. त्यांच्यापैकी त्या क्षणी ग्रुप उघडून बसलेल्यांना मात्र हसरा चेहरा उमटताना आणि जाताना दिसू शकतो. निधनाच्या बातमीनंतर पहिल्या पाच मिनिटांत असे बरेच जण असतात. सेक्रेटरींनी ग्रुप म्यूट केला असेल, किंवा सूचनांच्या सेटिंगमधलं `Reaction notifications` बंद ठेवलं असेल, तर त्यांचाही पडदा कोरा राहतो. ग्रुप म्यूट नसेल, ती सोय चालू असेल आणि फोन हातात असेल, तर वहिनींचं नाव आणि तो चेहरा त्यांनी बहुधा पाहिला. फोन टेबलावर असेल, तर दुसरा निरोप पोचल्यावर पाहण्यासारखं फारसं काही उरत नाही. त्यांचं नेट बंद असेल, तर दोन्ही निरोप नेट सुरू झाल्यावर पाठोपाठ येतात आणि चॅटमध्ये काहीच शिल्लक राहत नाही. न पोचलेले निरोप व्हॉट्सअ‍ॅपचा सर्व्हर तीस दिवसांपर्यंत कुलूपबंद ठेवतो, म्हणून ते वाटेत हरवतही नाहीत.

यात दोन गोष्टी वहिनींना कधीच समजत नाहीत. मेसेजला जशा निळ्या खुणा येतात तशा प्रतिक्रियेला येत नाहीत, त्यामुळे ती पोचली का, पाहिली गेली का, हे तपासायला जागाच नाही. दुसरी गोष्ट व्हॉट्सअ‍ॅप आपल्या मदतपानावर स्वतःच सांगतं. प्रतिक्रिया काढल्याची वेगळी सूचना समोरच्याला जात नाही, पण काढण्याआधी ती त्याने पाहिलेली असू शकते, आणि काढणं फसलं तर ते आपल्याला कळवलं जात नाही. हा शेवटचा मुद्दा लोकलमध्ये फार खरा ठरतो. चेहरा स्टेशनात असताना गेला आणि काढण्याचा निरोप पुढे नेट नसलेल्या टप्प्यात अडकला, तर वहिनींच्या फोनवर सगळं साफ दिसतं आणि सत्तर फोनांवर तो चेहरा तसाच हसत असतो. म्हणून काढल्यावर नेट नीट आलंय ना हे बघून, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर तोच मेसेज उघडून खात्री करणं शहाणपणाचं.

काढायचं असं: मेसेजखालच्या इमोजीवर बोट ठेवायचं, खालून उघडणाऱ्या यादीत आपल्या नावाखाली `Tap to remove` दिसतं, तिथे टेकवायचं. चुकीच्या इमोजीच्या जागी थेट योग्य इमोजी निवडला तरी चालतं, कारण एका मेसेजवर एका माणसाची एकच प्रतिक्रिया राहते आणि नवी लावली की जुनी जाते. निधनाच्या बातमीवर हे जास्त बरं. ज्याने हसरा चेहरा पाहिला, त्याला पुढच्या क्षणी जोडलेले हात दिसतात, आणि बोट चुकलं हे न सांगता समजतं. नुसतं काढलं तर गूढ उरतं.

स्टेटसच्या बाबतीत जास्त सांभाळायला हवं. तिथला बदाम, जो २०२४ मध्ये आला, पुन्हा टिचकी मारली की निघतो. पण स्टेटसवरून इमोजी पाठवला तर तो समोरच्याच्या चॅटमध्ये उत्तर म्हणून जाऊन बसतो. ती प्रतिक्रिया राहत नाही, मेसेज होते. सगळ्यांसाठी डिलीट केली तरी मेसेज काढून टाकल्याची ओळ मागे उरते, आणि ती ओळ मूळ इमोजीपेक्षा जास्त प्रश्न उभे करते.

जिथे काढणंच गाजावाजा करतं

जीमेलने ऑक्टोबर २०२३ पासून ईमेलवर इमोजी लावायची सोय आणली. ती दिसते व्हॉट्सअ‍ॅपसारखी, पण आतून प्रत्येक इमोजी हा एक स्वतंत्र ईमेल असतो. त्यामुळे तो मागे घ्यायला ईमेल पाठवल्यानंतर मिळतो तेवढाच अवधी असतो: सेटिंगमध्ये निवडल्याप्रमाणे ५, १०, २० किंवा ३० सेकंद. तो गेला की इमोजी काढता येत नाही. समोरचा दुसऱ्याच ईमेल सेवेवर असेल, तर त्याच्याकडे अमुक व्यक्तीने जीमेलवरून प्रतिक्रिया दिली, असा वेगळा ईमेलच जाऊन पडतो. कचेरीतल्या पत्रव्यवहारात जीमेलचे इमोजी वापरणाऱ्यांनी मागे घेण्याची मुदत आधीच ३० सेकंदांवर नेऊन ठेवावी.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना ओळखीचं असेल. तिथे घरचे ग्रुप अनेकदा फोनच्या साध्या मेसेजवर चालतात, काहींकडे आयफोन, काहींकडे अँड्रॉइड. आयफोनवरून मेसेजला लावलेला अंगठा जुन्या एसएमएसमधून अँड्रॉइडवर पोचायचा तो `Liked` या शब्दाने सुरू होणाऱ्या वाक्याच्या रूपात, मूळ मजकूर अवतरणात घेऊन. तो अंगठा काढला की आणखी एक वाक्य जायचं: `Removed a like from` आणि पुन्हा तोच मजकूर. म्हणजे काढण्याचीच दवंडी. २०२२ पासून गूगलच्या मेसेज अ‍ॅपने अशा वाक्यांचे इमोजी करून दाखवायला सुरुवात केली, आणि २०२४ मध्ये आयफोनवर आरसीएस आल्यावर हा त्रास बराच कमी झाला. ग्रुप जुन्या एसएमएसवर पडला तर मात्र तो आजही होऊ शकतो.

याच्या उलट टोकाला काही निर्धास्त जागा आहेत. यूट्यूबवर व्हिडिओच्या मालकाला लाइकचा आकडा दिसतो, नाव नाही. टेलिग्रामच्या चॅनेलवरही प्रतिक्रियांची संख्याच दिसते. तिथे चुकून काही दाबलं गेलं तर काढावं आणि विसरावं.

ज्यांच्याकडे हजारो डोळे लागलेले असतात

डिसेंबर २०१९ मध्ये जामिया मिलिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसंबंधीच्या एका ट्वीटला अक्षय कुमारच्या खात्यावरून लाइक गेलं. स्क्रोल करताना चुकून दाबलं गेलं असावं, लक्षात येताच काढलं, असा खुलासा त्याने जाहीरपणे केला. मे २०२५ मध्ये विराट कोहलीच्या खात्यावरून एका अभिनेत्रीच्या छायाचित्राला लाइक गेल्यावर त्यानेही खुलासा केला, की फीड साफ करताना अल्गोरिदमकडून चुकून तशी नोंद झाली असावी. दोन्हीकडे लाइक काढलेलं होतं. चर्चा मात्र ज्याची पोस्ट होती त्याच्या फोनमुळे पेटली नव्हती, बघत बसलेल्या तिसऱ्याच माणसांनी काढून ठेवलेल्या स्क्रीनशॉटमुळे पेटली.

जून २०२४ पासून एक्सवर कुणी काय लाइक केलं ही यादी इतरांना दिसेनाशी झाली. ज्याची पोस्ट असते त्याला मात्र अजूनही कळतं. तिऱ्हाइताचा धोका तिथे कमी झाला आहे, मूळ प्रश्न आहे तिथेच आहे. लिंक्डइनवर तर आपलं लाइक आपल्या ओळखीच्यांच्या फीडमध्येही दिसू शकतं, म्हणून तिथे लेखकापेक्षा आपल्याच साहेबांनी आधी पाहिलेलं असू शकतं.

घरच्या घरी तपासणी, आणि मग निर्णय

आपल्या फोनांवर नेमकं काय होतं हे पाहायचं असेल तर घरातले दोन फोन पुरतात. एकावरून पोस्ट टाका आणि तो लॉक करून ठेवा. दुसऱ्यावरून लाइक द्या, पट्टी येऊ द्या, मग काढा. आता पहिल्या फोनवर लॉक स्क्रीन, घंटी आणि पोस्ट या क्रमाने बघा. अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढचा फोन असेल तर सेटिंगमधली `Notification history` ही सोय आधी चालू करा. तिच्यात गेल्या चोवीस तासांत येऊन गेलेल्या सूचना दिसतात, आणि अ‍ॅपने मागे घेतलेली पट्टीही तिथे सापडू शकते. ज्याने ही सोय चालू ठेवली आहे त्याच्यापासून लपवणं जवळपास अशक्य, हे या तपासणीतून लक्षात येतं.

इतकं बघितल्यावर ‘कळलं असेल का’ या प्रश्नाला धरून बसण्यात अर्थ नाही, कारण पक्कं उत्तर आपल्या हाती कधीच येत नाही. त्याऐवजी, कळलं असेल असं धरून चाललं तर काय बिघडतं, हे विचारावं. ओळखीच्याच्या सहलीच्या फोटोला चुकून बदाम गेला, तर तो काढायचीही गरज नाही. काढलेला बदाम राहिलेल्या बदामापेक्षा जास्त डोळ्यांत भरतो. नको त्या माणसाच्या जुन्या फोटोला गेला, तर एकदाच काढावा आणि थांबावं. पुन्हा देऊन पुन्हा काढणं म्हणजे नव्या पट्टीला आमंत्रण. दुःखाच्या बातमीवर हसू गेलं, तर योग्य प्रतिक्रिया लावून लेखकाला खासगीत एक ओळ लिहावी: ‘मघाशी बोट चुकलं, माफ करा.’ त्याने पाहिलं नसेल तर त्या ओळीने काही बिघडत नाही, पाहिलं असेल तर तिने बरंच सावरतं.

चौथा प्रकार व्यवहाराचा. भाव, तारीख, ऑर्डर, बैठकीतला ठराव अशा मजकुरावर अंगठा गेला तर तो नुसता काढून भागत नाही, कारण अंगठ्याचा अर्थ होकार असा घेतला जातो. २०२३ मध्ये कॅनडातल्या सास्काचेवान प्रांताच्या न्यायालयाने, जवस खरेदीच्या कराराच्या फोटोला उत्तर म्हणून शेतकऱ्याने पाठवलेल्या अंगठ्याला सहीइतकं वजन दिलं आणि माल न दिल्याबद्दल सुमारे ८२,००० कॅनेडियन डॉलरची भरपाई ठरवली. तो अंगठा मुद्दाम पाठवलेला होता आणि निकाल परदेशातला आहे, तरी त्यातून घ्यायचा धडा स्पष्ट आहे. समोरच्याने तो पाहून माल रवाना करायला सांगितलं असेल, तर आपल्या पडद्यावरून अंगठा नाहीसा झाल्याने त्याचा समज बदलत नाही. तिथे त्याच मेसेजखाली शब्दांत लिहावं, की अंगठा चुकून गेला, ही मान्यता नाही. प्रतिक्रियेला निळ्या खुणा नसतात, पण या ओळीला असतात, आणि ती पोचल्याचं आपल्याला दाखवता येतं.